जिब क्रेनवर ओझं सरकतं तेव्हा: बूम आणि टाय रॉडमधली बलं काढायची रीत

भिंतीच्या कॉलमला लावलेल्या जिब क्रेनची गणितं वर्षभर माझ्याकडे तपासायला येतात. काही डिप्लोमाच्या मुलांची असतात, काही रे रोड, साकीनाका, कुर्ला भागातल्या छोट्या फॅब्रिकेटरांची. दोघांच्या कागदावर चूक बहुतेक वेळा एकच असते. ओझं बूमच्या टोकाला ठेवायचं, बलांचा त्रिकोण काढायचा, टाय रॉडमधला ताण आणि बूममधला दाब काढायचा आणि वही मिटायची. ट्रॉली बूमवर मागेपुढे फिरते, हे त्या गणितात कुठेच येत नाही.

म्हणून इथे एकच क्रेन घेऊन तिचं गणित शेवटपर्यंत करून दाखवतो. आकडे सोपे निवडले आहेत, पण एक टनी क्रेनचे असतात तसेच आहेत. सोबत कागद घेऊन बसा आणि प्रत्येक टप्प्याखालची पडताळणी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## १. मापं पिनच्या मध्यापासून घ्या

तीन बिंदू लागतात. बूमच्या भिंतीकडच्या टोकाची पिन, तिला आपण खालची पिन म्हणू. टाय रॉड कॉलमला जिथे अडकतो ती वरची पिन. आणि टाय रॉड बूमला जिथे धरतो तो टायचा सांधा. आपल्या क्रेनची मापं अशी आहेत:

- खालच्या पिनपासून टायच्या सांध्यापर्यंत आडवं अंतर: ३.२ मीटर
- खालच्या पिनपासून वरच्या पिनपर्यंत उभं अंतर: २.४ मीटर
- बूमची एकूण लांबी: ४ मीटर, म्हणजे सांध्याच्या पुढे ०.८ मीटर मोकळं टोक
- ट्रॉलीचा प्रवास: खालच्या पिनपासून ०.४ मीटर ते ३.८ मीटर, दोन्हीकडे स्टॉपर

सावधान: टेप भिंतीला टेकवून माप घेऊ नका. ब्रॅकेटमुळे पिन भिंतीपासून सहज दीडशे मिलिमीटर बाहेर असते. तेवढा फरक सगळ्या आडव्या अंतरांत शिरला की पुढचं प्रत्येक उत्तर बिघडतं.

बूम आडवा फिरणारा असेल तर वरची आणि खालची पिन एकाच उभ्या रेषेत हवी. वरच्या पिनमधून ओळंबा सोडून बघा. ती रेषेत नसेल तर हात न लावताही बूम आपोआप एका बाजूला जाऊन थांबतो. असं होत असेल तर गणित नंतर, आधी ब्रॅकेट सरळ करून घ्या.

पडताळणी: टाय रॉडची पिन-ते-पिन लांबी टेपने मोजा. ३.२ आणि २.४ च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण बरोबर ४ मीटर येतो. टेपवर ३.९ किंवा ४.१ आलं, तर आधीच्या दोन मापांपैकी एक चुकलं आहे.

## २. फिरणारं वजन आणि जागचं वजन वेगळं लिहा

क्रेनवर «१ टन» लिहिलेलं असतं म्हणून गणितात १००० किलो धरायचे, ही दुसरी नेहमीची चूक. ओझ्याबरोबर ट्रॉली फिरते, चेनब्लॉक फिरतो, हूक, स्लिंग आणि शॅकलही फिरतात. आपल्या क्रेनवर या सगळ्याचे १२० किलो धरले आहेत. म्हणजे फिरणारं वजन ११२० किलो, साधारण ११ किलोन्यूटन.

जागचं वजन म्हणजे बूमचं स्वतःचं. २०० मिलिमीटर उंचीच्या आय-बीमचं वजन मीटरला सुमारे २५ किलो असतं, म्हणून चार मीटरचे १०० किलो झाले, साधारण १ किलोन्यूटन. ते बूमच्या मध्यावर, पिनपासून २ मीटरवर धरायचं. टाय रॉड पंधरा-वीस किलोचाच असतो, तो इथे सोडून दिला तरी चालतं.

ही सगळी वजनं स्थिर धरली आहेत. हाताच्या चेनब्लॉकने सावकाश उचलताना ती बऱ्यापैकी खरी ठरतात. इलेक्ट्रिक होइस्ट असेल तर उचलताना आणि थांबवताना धक्का बसतो. त्यासाठी उचललेल्या वजनात किती वाढ धरायची ते क्रेनच्या कामाच्या प्रकारानुसार ठरतं, ते आयएस ८०७ मध्ये बघा. वाढ धरायची ती इथेच, वजनाच्या यादीत. शेवटच्या उत्तराला अंदाजाने दीडने गुणण्यात अर्थ नाही.

## ३. बूम मोकळा करून त्याचं एकट्याचं चित्र काढा

चूक नेमकी इथे जन्म घेते, म्हणून या टप्प्यावर जरा थांबू.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जिब क्रेनमध्ये ओझं बूम आणि टाय जिथे मिळतात त्याच बिंदूला टांगलेलं असतं. बूमचं वजनही सोडून दिलेलं असतं. मग बूमवर फक्त दोन टोकांना बल लागतं, आणि असा दांडा बल फक्त आपल्या लांबीच्या दिशेने पेलतो. म्हणून तिथे बलांचा त्रिकोण चालतो. ती सवय लागली की विद्यार्थी ट्रॉलीच्या क्रेनलाही तोच त्रिकोण लावतो.

ट्रॉली सांध्यापासून हलली की बूमवर तिसऱ्या जागी बल येतं. आता बूम एकाच वेळी दाबला जातो आणि वाकवलाही जातो. खालच्या पिनवरची प्रतिक्रिया बूमच्या रेषेत राहत नाही, तिला उभा भागही असतो.

त्रिकोणाने काय घोटाळा होतो ते बघा. आपल्या क्रेनसाठी तो सांगेल की टायमधला ताण ११ ÷ ०.६, म्हणजे १८.३ किलोन्यूटन. ट्रॉली कुठेही असो, उत्तर हेच. प्रत्यक्षात ट्रॉली टोकाच्या स्टॉपरला असताना ताण २२.८ आहे आणि ती मध्ये असताना फक्त १०.२. बूम किती वाकतो, याबद्दल तर त्रिकोण काहीच सांगत नाही.

म्हणून कागदावर बूम एकटा काढा, भिंत आणि टाय पुसून टाका. त्यावर पाच बाण हवेत: ट्रॉलीचं वजन खाली, बूमचं वजन खाली, टायची ओढ वर-आणि-भिंतीकडे, खालच्या पिनचा आडवा रेटा भिंतीपासून बाहेर, आणि पिनची उभी प्रतिक्रिया. शेवटच्या बाणाची दिशा आधीच ठरवू नका. वर धरा; उत्तर उणे आलं तर ती खाली आहे एवढंच.

पडताळणी: चित्रात टायची ओढ बूमला भिंतीकडे खेचते आहे ना? बाण उलटा निघाला तर टाय रॉड बूमला ढकलतो असा अर्थ होईल, आणि बारीक रॉड ढकलण्याचं काम करत नाही.

## ४. खालच्या पिनभोवती मोमेंट घ्या, टायचा उभा भाग काढा

टायच्या ओढीचे दोन भाग करा, उभा आणि आडवा. एकदम पूर्ण ताण काढायला जाऊ नका. दोन भाग वेगवेगळे काढले की पडताळणी आपोआप हाती येते, आणि क्रेनचं कोणतं माप कशावर परिणाम करतं तेही दिसतं.

खालच्या पिनभोवती ओझ्यांचा मोमेंट असा येतो. ट्रॉली पिनपासून जितकी दूर, तिचं अंतर गुणिले ११. त्यात बूमच्या वजनाचे १ × २ = २ मिळवा. टायचा आडवा भाग बूमच्या रेषेतच असल्यामुळे पिनमधून जातो, त्याचा मोमेंट शून्य. म्हणून:

```
ओझ्यांचा मोमेंट = ११ × ट्रॉलीचं अंतर + २
टायचा उभा भाग = ओझ्यांचा मोमेंट ÷ ३.२
```

ट्रॉली ३.८ मीटरवर असताना मोमेंट ४३.८ किलोन्यूटन-मीटर, म्हणून उभा भाग १३.७ किलोन्यूटन. इथे चुकल्यासारखं वाटून पुष्कळ जण थांबतात, कारण क्रेनवरचं एकूण वजनच १२ आहे. उत्तर बरोबर आहे. त्याचा अर्थ सहाव्या टप्प्यात लागेल.

## ५. वरच्या पिनभोवती मोमेंट घ्या, आडवा भाग काढा

आता बूम आणि टाय मिळून एकच वस्तू समजा आणि वरच्या पिनभोवती मोमेंट घ्या. वरची पिन खालच्या पिनच्या बरोबर डोक्यावर आहे, म्हणून ओझ्यांचा मोमेंट तोच राहतो. त्याला तोलून धरतो तो खालच्या पिनचा आडवा रेटा, २.४ मीटरच्या भुजेवर. हाच रेटा म्हणजे बूममधला दाब, आणि टायचा आडवा भागही तेवढाच.

```
बूममधला दाब = टायचा आडवा भाग = ओझ्यांचा मोमेंट ÷ २.४
टायमधला ताण = √(उभा² + आडवा²)
```

३.८ मीटरवर दाब ४३.८ ÷ २.४ = १८.२५, आणि ताण २२.८ किलोन्यूटन.

या दोन ओळी नीट बघा. उभा भाग ठरतो फक्त ३.२ वरून, आडवा भाग फक्त २.४ वरून. टाय बूमवर कुठे धरतो यावर एक अवलंबून, तो कॉलमवर किती उंच जातो यावर दुसरा.

मुंबईच्या गाळ्यांत ही गोष्ट फार उपयोगी पडते. इथे पोटमाळा काढलेला असतो, वर डक्ट किंवा पाइप असतो, आणि मालक म्हणतो, «टाय जरा खाली घ्या ना.» समजा वरची पिन २.४ ऐवजी १.२ मीटरवरच बसली. टायचा उभा भाग १३.७ च राहील, पण बूममधला दाब थेट दुप्पट, ३६.५ किलोन्यूटन. टायमधला ताण २२.८ वरून ३९ वर जाईल. वरच्या ब्रॅकेटचे अँकर बोल्ट कॉलममधून बाहेर खेचणारं बलही तेच ३६.५. फॅब्रिकेटर अशा वेळी रॉड जाड करतो आणि बोल्ट तेच ठेवतो. खरी वाढ तर बोल्टांवर झालेली असते.

सावधान: वरचा ब्रॅकेट विटांच्या भिंतीत कधीच नको. आरसीसी चौकटीच्या इमारतीत दोन कॉलममधली वीटभिंत फक्त आडोशासाठी असते. प्लास्टरखाली कॉलम कुठे सुरू होतो ते ठोकून आणि मापून ठरवा, आणि एवढी आडवी ओढ तो कॉलम झेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

पडताळणी: उभा भाग भागिले आडवा भाग, ट्रॉली कुठेही असली तरी, २.४ ÷ ३.२ म्हणजे ०.७५ यायलाच हवा. आपल्या क्रेनला १३.७ ÷ १८.२५ = ०.७५. जुळलं.

## ६. खालच्या पिनची उभी प्रतिक्रिया, आणि तिची उलटणारी दिशा

पिनची उभी प्रतिक्रिया म्हणजे एकूण वजन १२ वजा टायचा उभा भाग. ट्रॉली भिंतीजवळ ०.४ मीटरवर असताना टाय फक्त २ किलोन्यूटन उचलतो, उरलेले १० पिनवर. ट्रॉली मध्ये, १.६ वर असताना पिनवर ५.९. सांध्याखाली, ३.२ वर असताना जेमतेम ०.४.

त्याच्याही पुढे, ट्रॉली सुमारे ३.३१ मीटरवर पोचली की पिनवरचं उभं बल शून्य होतं. तिथून पुढे चिन्ह बदलतं. ३.८ वर ते उणे १.७ किलोन्यूटन, म्हणजे बूमचं भिंतीकडचं टोक सुमारे १७० किलोच्या जोराने वर उठू पाहतं. टायचा सांधा टेकू झाला आणि बूम सी-सॉसारखा त्यावर कलला. चौथ्या टप्प्यातले १३.७ याच कारणाने १२ पेक्षा जास्त आले होते.

हे मी कागदावर शिकलो होतो, पण मनात ठसलं ते रे रोडजवळच्या एका गाळ्यात. तिथल्या क्रेनमधून रोज «टक्» असा आवाज यायचा. मालकाने दोनदा ग्रीस भरून घेतलं, आवाज तसाच. मी खालच्या ब्रॅकेटशी उकिडवा बसलो आणि हेल्परला ट्रॉली सावकाश बाहेर न्यायला सांगितलं. ट्रॉली सांध्याच्या हातभर पुढे गेली आणि बूमचं टोक वॉशरवरून उचललं गेलं. वॉशर आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये नखभर फट पडली, पलीकडचा उजेड दिसला. ट्रॉली परत आली की टोक खाली आपटायचं. पिन वरून नुसती टाकलेली होती. खाली नट नव्हता, स्प्लिट पिनही नव्हती, आणि पिनच्या अंगावर चकचकीत घासलेला पट्टा पडला होता. पिन आणखी सैल झाली असती तर टोक एक दिवस ब्रॅकेटमधून सुटलं असतं. ज्याने ती क्रेन बनवली त्याने टोकाला ओझं ठेवून ताण काढला होता, पिनचं उभं बल काढलंच नव्हतं.

उपाय दोन आहेत. पिनला खालून कॉलर, नट आणि स्प्लिट पिन, आणि बूमच्या टोकावर वरूनही अडवणूक. किंवा स्टॉपर ३.३ मीटरवर आणून बसवायचा, म्हणजे चिन्ह बदलण्याची वेळच येत नाही. पहिला उपाय मी प्रत्येक क्रेनला करायला लावतो, कारण कुणीतरी कधीतरी स्टॉपर सरकवतोच.

## ७. बेंडिंगसाठी ट्रॉली मध्ये आणा

टाय आणि दाब यांच्यासाठी टोकाची जागा सर्वांत वाईट. बेंडिंगसाठी तसं नाही. खालची पिन आणि टायचा सांधा हे बूमचे दोन टेकू. ट्रॉली त्यांच्या मध्यावर आली की बूम सर्वांत जास्त खाली वाकतो. मध्यावर, १.६ मीटरवर, पिनची प्रतिक्रिया ५.८७५ होती. तिला १.६ ने गुणून तेवढ्या भागातल्या बूमच्या वजनाचा ०.३२ वजा केला की बेंडिंग मोमेंट ९.१ किलोन्यूटन-मीटर.

ट्रॉली टोकाला असताना बूम उलटा, सांध्याच्या जागी वरच्या बाजूला ताणला जातो. ११ × ०.६ आणि मोकळ्या टोकाच्या वजनाचे ०.०८ मिळून ६.७.

चार जागा एका तक्त्यात मांडा. माझ्याकडे येणाऱ्या कागदात मी सर्वांत आधी हा तक्ता शोधतो:

| ट्रॉली कुठे (मी.) | टायचा ताण | बूमचा दाब | पिनचं उभं बल | सर्वांत मोठा बेंडिंग मोमेंट |
|---|---|---|---|---|
| ०.४ | ३.३ | २.७ | १०.० वर | ४.० |
| १.६ | १०.२ | ८.२ | ५.९ वर | ९.१ |
| ३.२ | १९.४ | १५.५ | ०.४ वर | ०.३ |
| ३.८ | २२.८ | १८.३ | १.७ खाली | ६.७ (उलटा) |

बलं किलोन्यूटनमध्ये, मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये. खालच्या पिनचा आणि तिच्या वॉशरचा उभा भार पहिल्या ओळीतून घ्यायचा, बूमचं बेंडिंग दुसरीतून, टाय रॉड आणि अँकर बोल्ट चौथीतून. कोणतीही एकच ओळ संपूर्ण क्रेनसाठी पुरत नाही.

बूमच्या छेदावर दाब आणि बेंडिंग एकत्र मोजावे लागतात. २०० च्या आय-बीमचं क्षेत्रफळ साधारण ३२ चौ. सेंमी आणि सेक्शन मॉड्युलस सुमारे २१० घन सेंमी धरला, तर ट्रॉली मध्ये असताना बेंडिंगचा प्रतिबल ४३ मेगापास्कल, दाबाचा २.६, मिळून सुमारे ४६. टोकाला असताना बेंडिंगचा ३२ आणि दाबाचा ५.७, मिळून ३८ च्या आत. म्हणजे टोकाला ओझं ठेवून गणित करणारा बूमवरचा प्रतिबल कमी धरतो, आणि तोही बेंडिंग आठवून केलं तर. दाबामुळे खरी वाईट जागा मध्यापासून चार-पाच सेंटिमीटर बाहेर सरकते, पण त्याने आकड्यात जाणवेल इतका फरक पडत नाही.

सावधान: ४६ मेगापास्कल बघून बीम लहान करू नका. ट्रॉलीची चाकं खालच्या फ्लँजला जागच्या जागी वाकवतात, बाजूला आधार नसलेला बूम आडवा वळू शकतो, आणि टोकाला ओझं असताना सांध्यापाशी खालची फ्लँज दाबाखाली जाते. बीमचा आकार बहुतेक वेळा या गोष्टी ठरवतात. त्या आयएस ८०० प्रमाणे वेगळ्या तपासायच्या.

## ८. टायचा सांधा बूमच्या मध्यरेषेवर नसेल तर

आतापर्यंत आपण टाय बूमच्या मध्यरेषेवरच धरतो असं मानलं. प्रत्यक्षात ट्रॉलीची चाकं खालच्या फ्लँजवर फिरतात, म्हणून टायची लग वरच्या फ्लँजवर वेल्ड केलेली असते. लगचं भोक बूमच्या मध्यरेषेपासून १५० मिलिमीटर वर असेल असं समजू.

दाब बदलत नाही, कारण वरच्या पिनभोवतीचा मोमेंट तोच आहे. बदलतं ते सांध्यावरचं बेंडिंग. आडवी ओढ मध्यरेषेच्या वरून लागते, त्यामुळे सांध्याच्या जागी दाब × ०.१५ एवढा मोमेंट जादा येतो. ट्रॉली बरोबर सांध्याखाली असताना तक्त्यात बेंडिंग जवळपास शून्य होतं. आता तिथे १५.५ × ०.१५ = २.३ किलोन्यूटन-मीटर आहे. ट्रॉली मध्ये असताना सांध्यावर १.२ येतो, त्यातला निम्मा मध्यापर्यंत पोचतो, आणि ९.१ चे ९.७ होतात.

लगच्या वेल्डचा विचारही इथेच करा. ती वेल्ड फक्त वर ओढली जात नाही, १८ किलोन्यूटनने भिंतीकडेही रेटली जाते. लग बूमच्या लांबीच्या दिशेत उभी, वेब जिथे आहे त्याच्या बरोबर वर हवी. आडवी वेल्ड केलेली लग पत्र्यासारखी वाकते. मी पाहिलेल्या लगांतली पहिली भेग नेहमी भिंतीच्या विरुद्ध बाजूच्या वेल्ड-टोकाला होती, कारण आडव्या ओढीने ते टोक उचललं जातं. तिथे रंगावर केसासारखी गंजाची रेघ दिसली तर क्रेन थांबवा.

## ९. जागेवर चाचणी, आणि तिचा क्रम

कागदावर चार जागा काढल्या, तर चाचणीतही त्या चारही जागांवर ट्रॉली न्यायची. ओझं टोकाला पाच मिनिटं लटकवून चाचणी झाली म्हणणारे खूप भेटतात. त्या चाचणीत बूमच्या मध्यावरचं बेंडिंग एकदाही पूर्ण येत नाही.

१. रिकामी ट्रॉली शेवटपर्यंत फिरवा. दोन्ही स्टॉपर घट्ट आहेत का बघा. टाय रॉडला टर्नबकल असेल तर दोन्ही चेकनट कसलेले हवेत, आणि दोन्हीकडचे आटे आत पुरेसे गेलेले हवेत. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत रॉडचा रंग शाबूत दिसतो आणि आटे आतून खाल्लेले असतात. तारेच्या ब्रशने घासून आट्याच्या मुळाशी व्यास मोजा. ताण झेलतो तो मुळाचा व्यास, रॉडचा नाही.

२. आधी निम्मं ओझं, जमिनीपासून वीतभर वर. ते ०.४ वरून १.६, ३.२ आणि ३.८ वर न्या. प्रत्येक जागी थांबा. मध्यावर थांबल्यावर बूमच्या खालून ताणलेला दोरा धरून वाक मोजा.

३. पूर्ण ओझं घेऊन पुन्हा तेच. ट्रॉली सांध्याच्या पुढे नेताना एक माणूस खालच्या पिनपाशी नजर ठेवून बसवा. फट दिसली किंवा टक् आवाज आला, तर सहावा टप्पा पुन्हा वाचा.

४. ओझं उतरवल्यावर दोरा पुन्हा लावा. बूम पूर्ण सरळ झाला नाही तर तो कायमचा वाकला आहे, आणि ही क्रेन चालवायची नाही.

ठरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त ओझ्याची चाचणी स्वतः करू नका. उचलण्याच्या यंत्राची किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करावी लागते. ती चाचणी त्यांच्याच देखरेखीखाली करा, आणि त्यांना वरचा तक्ता दाखवून ट्रॉली चारही जागांवर न्यायला सांगा.

५. शेवटी बूमवर रंगाने चार खुणा करा: ०.४, १.६, ३.२ आणि ३.८. टोकाच्या खुणेपुढे स्टॉपर सरकलेला दिसला, तर पुढच्या माणसाला तो जमिनीवरूनच कळतो.